कार्ड समोरच्याला दिसले पाहिजे

प्रस्तावना

कुंडली दुरून पाहता येते. जन्मतारीख, वेळ आणि गाव एवढे लिहून पाठवले की ज्योतिषी आपल्या घरी बसून पत्रिका मांडतो आणि उत्तर कळवतो. मांडणी आधीच ठरलेली असते. जातक समोर असला काय, नसला काय, ग्रहांची घरे बदलत नाहीत. टॅरोत अशी आधी ठरलेली मांडणी नसते. ७८ कार्डांचा डेक पिसायचा, त्यातली काही कार्डे टेबलावर उघडायची आणि रीडर व क्लायंट दोघांनी ती चित्रे पाहत बोलायचे. जे काही घडते ते त्या टेबलावर, त्या वेळी घडते. त्यामुळे क्लायंट दुसऱ्या शहरात किंवा दुसऱ्या देशात असेल तर सगळ्यात आधी एक साधा प्रश्न सोडवावा लागतो: त्याला ते टेबल कसे दिसणार?

हे पुस्तक व्हिडिओ कॉलवरच्या टॅरो रीडिंगबद्दल आहे. दूरच्या क्लायंटला कार्ड स्पष्ट कसे दाखवायचे आणि बोलण्याची गती शांत कशी ठेवायची, हे त्याचे दोन विषय. माझ्या मते ते मुळात एकच आहेत. क्लायंटने कार्ड स्वतः पाहिले, त्यावर विचार करायला त्याला वेळ मिळाला, तरच रीडरचे म्हणणे तो तपासू शकतो. चित्र दिसत नसेल किंवा पाहायला अवधी नसेल, तर त्याच्या हाती फक्त रीडरचा आवाज उरतो आणि ऐकलेले मान्य करण्यापलीकडे तो काही करू शकत नाही.

अशी मान्यता किती सहज मिळते, हे अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बर्ट्रम फोरर यांनी १९४९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दिसले होते. त्यांनी आपल्या विद्यार्थ्यांना प्रत्येकाचे म्हणून एक स्वभाववर्णन दिले आणि ते किती जुळते याला ५ पैकी गुण द्यायला सांगितले. सरासरी ४.२६ आली. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिलेला होता. कार्डे भविष्य जाणतात याला पुरावा नाही, आणि हे पुस्तक तसा दावा करत नाही. चित्रांच्या आधाराने स्वतःच्या प्रश्नाकडे वेगळ्या बाजूने पाहता येते, एवढाच टॅरोचा उपयोग मी धरते. तो उपयोग व्हायचा तर चित्र ज्याचा प्रश्न आहे त्याच्या डोळ्यांसमोर हवे.

नव्याने येणाऱ्यांसाठी या कार्डांचा प्रवास थोडक्यात सांगते. टॅरोची कार्डे पंधराव्या शतकात उत्तर इटलीत तयार झाली, आणि ती खेळण्यासाठी होती. मिलानच्या व्हिस्कोंती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हाताने रंगवलेले डेक आजही संग्रहालयांत आहेत. पत्त्यांच्या चार रंगांना बावीस हुकुमाच्या कार्डांची जोड देऊन 'तारोक्की' नावाचा डाव खेळला जाई. भविष्याशी या कार्डांचे नाते ठळकपणे जोडले गेले ते तीनेक शतकांनी, फ्रान्समध्ये. १७८१ साली आंत्वान कूर द जेबलँ यांनी ही कार्डे प्राचीन इजिप्तच्या ज्ञानाचा अवशेष आहेत असे छापले. इजिप्तची चित्रलिपी तेव्हा कोणालाच वाचता येत नव्हती; शाँपोलियोंनी ती उलगडली १८२२ साली. तरी ती कल्पना टिकली. लवकरच 'एतेला' या नावाने लिहिणाऱ्या पॅरिसच्या एका रीडरने खास भविष्यकथनासाठी डेक काढला. एकोणिसाव्या शतकात एलिफास लेवी यांनी कार्डांची सांगड कबालाशी घातली आणि १८८८ साली लंडनमध्ये स्थापन झालेल्या गोल्डन डॉन या गूढविद्येच्या मंडळाने त्यावर ग्रह, राशी आणि तत्त्वांची पूर्ण चौकट चढवली.

याच मंडळात वावरलेल्या दोघांनी १९०९ साली आज सर्वांत परिचित असलेला डेक दिला. आर्थर एडवर्ड वेट यांनी कल्पना मांडली, पामेला कोलमन स्मिथ यांनी चित्रे काढली आणि लंडनच्या रायडर कंपनीने तो छापला. मेजर आर्कानाच्या २२ कार्डांना चित्रे आधीपासून होतीच. स्मिथ यांनी मायनर आर्कानाच्या छप्पन्न कार्डांवरही माणसे, घरे, पाणी आणि आभाळ आणले. 'आठ कप्स' म्हणजे निव्वळ आठ पेले राहिले नाहीत. पेले मागे ठेवून डोंगराकडे निघालेला माणूस तिथे आला. टॅरो न शिकलेला माणूसही त्या कार्डाबद्दल काहीतरी बोलू शकतो, ते या बदलामुळे.

आज रीडिंगच्या ज्या मुख्य पद्धती आहेत त्यांच्या वादात मी इथे शिरत नाही. या पुस्तकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की प्रत्येक पद्धत कॅमेऱ्याकडून वेगळी गोष्ट मागते. रायडर-वेट-स्मिथ परंपरेत अर्थ बारीक तपशिलात असतो, म्हणून एक कार्ड मोठे दिसणे गरजेचे. मार्सेय पद्धतीत मायनर कार्डांवर प्रसंग नसतात. तिथे आकडा, रंग आणि एका कार्डातली व्यक्ती शेजारच्या कार्डाकडे पाहते की पाठ फिरवते, यावरून वाचतात. आलेहान्द्रो खोदोरोव्स्की यांच्यामुळे ही पद्धत नव्या वाचकांपर्यंत पोचली. इथे एकेक कार्ड जवळ आणून चालत नाही, अख्खी ओळ एका चौकटीत दिसावी लागते. अॅलिस्टर क्रॉली आणि लेडी फ्रीडा हॅरिस यांच्या थॉथ डेकमध्ये रंगांच्या छटांना अर्थ आहे. पिवळ्या बल्बखाली त्या छटा मरतात. लेनॉर्मां हा तर वेगळाच ३६ कार्डांचा डेक. त्याच्या मोठ्या मांडणीत सगळी ३६ कार्डे एकदम पसरतात आणि फोनच्या पडद्यावर ती ठिपक्यांसारखी दिसतात.

अर्थाबद्दलच्या भूमिकाही दोन आहेत. एक सांगते, दुसरी विचारते. 'हे होईल' असे सांगणारी परंपरा जुनी आहे. रेचल पोलॅक यांच्या १९८० सालच्या पुस्तकाने आणि मेरी ग्रीअर यांच्या १९८४ सालच्या पुस्तकाने दुसरी वाट रुंद केली: कार्डाला आरसा मानायचा आणि क्लायंटला त्यात पाहू द्यायचे. मी या दुसऱ्या बाजूची आहे आणि या पुस्तकातले प्रत्येक तंत्र त्या बाजूने निवडले आहे.

दूरचे रीडिंग व्हिडिओच्या आधीपासून आहे. पत्राने होई, फोनवर होई. फोनवर क्लायंटला काहीच दिसत नसे. रीडर सांगेल ते कार्ड आणि रीडर सांगेल तो अर्थ. अमेरिकेत १९९० च्या दशकात मिनिटामागे पैसे आकारणाऱ्या फोनलाइन फोफावल्या. त्यांतल्या सर्वांत गाजलेल्या सेवेवर तिथल्या फेडरल ट्रेड कमिशनने २००२ साली फसव्या जाहिराती आणि बिलांबद्दल खटला भरला. त्याच वर्षी तडजोड होऊन कंपन्यांना ग्राहकांकडची सुमारे ५० कोटी डॉलरची येणी सोडून द्यावी लागली आणि ५० लाख डॉलर दंड भरावा लागला. या प्रकरणातून व्हिडिओ रीडरने एक गोष्ट घ्यावी. मिनिटावर पैसे असले की संथपणा क्लायंटला महाग पडतो आणि रीडरला फायद्याचा ठरतो. क्लायंट घड्याळाकडे पाहत राहतो, रीडर लांबण लावतो, किंवा लावतो असा संशय तरी येतो. म्हणून शांत गतीची पहिली अट टेबलावर नसून दरपत्रकात आहे: पूर्ण बैठकीचा एकच दर, आधी सांगितलेला.

आपल्याकडे व्हिडिओ रीडिंग रुळले ते अलीकडे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू होऊन डेटा स्वस्त झाला, त्याच नोव्हेंबरात व्हॉट्सअॅपवर व्हिडिओ कॉल आला, आणि मार्च २०२० च्या लॉकडाउनने समोरासमोर बसणे बंद केले. तेव्हा नाइलाजाने सुरू झालेली सोय नंतर सवयीची झाली. पुण्यातल्या रीडरचे क्लायंट आज नागपूर, दुबई, न्यू जर्सी असे विखुरलेले असतात. मात्र सोय आली तशी तिची कला आली नाही. बहुतेक जण फोन पुस्तकाला टेकवतात, कार्ड क्षणभर कॅमेऱ्यापुढे हलवतात आणि बोलू लागतात. यात नेमके काय बिघडते, ते तीन गोष्टींतून दाखवते.

पहिली गोष्ट आकाराची. प्रमाण आकाराचे टॅरो कार्ड साधारण १२ सेंटिमीटर उंच आणि ७ सेंटिमीटर रुंद असते. दहा कार्डांच्या केल्टिक क्रॉस मांडणीत उजवीकडे चार कार्डांचा उभा रकाना येतो. चार कार्डे, मधल्या फटी आणि कडेची थोडी जागा धरली तर कॅमेऱ्याला सुमारे ५३ सेंटिमीटर उंचीचा भाग टिपावा लागतो. आता क्लायंट फोन उभा धरून पाहत आहे असे समजू. त्याच्या पडद्याची रुंदी ६.८ सेंटिमीटरच्या आसपास. आडवे चित्र त्या रुंदीत बसवले की त्याची उंची ३.८ सेंटिमीटर उरते, आणि त्यात आपले १२ सेंटिमीटरचे कार्ड जेमतेम ९ मिलिमीटरचे होते. करंगळीच्या नखाएवढ्या त्या चित्रात आठ पेले मोजताही येणार नाहीत. हाच हिशेब तीन कार्डांच्या ओळीला लावून पाहा. १६ सेंटिमीटर उंचीची चौकट पुरते आणि कार्ड क्लायंटच्या उभ्या फोनवर जवळपास ३ सेंटिमीटर उंच दिसते. त्याने फोन आडवा केला तर ५ सेंटिमीटर. म्हणून व्हिडिओवर तीन कार्डांची ओळ हे माझे मूळ माप आहे. मोठी मांडणी करायचीच असेल तर सगळी रचना एकदा दाखवून घ्यावी आणि मग कॅमेरा न हलवता एकेक कार्ड मधल्या मोकळ्या जागेत आणून वाचावे. क्लायंटला बैठकीच्या सुरुवातीलाच फोन आडवा करायला सांगणे ही यातली सगळ्यात स्वस्त सुधारणा.

दुसरी गोष्ट दिशेची. टेबलावर वरून पाहणारा कॅमेरा म्हणजे बहुधा स्टँडच्या दांडीला अडकवलेला दुसरा फोन. तो फोन रीडरच्या दिशेने लावला की विरुद्ध, यावर चित्र सुलटे जाईल की उलटे, हे ठरते. चुकीच्या दिशेने लागला तर रीडरला सरळ दिसणारे कार्ड क्लायंटला डोक्यावर उभे दिसते. जे रीडर रिव्हर्स कार्डाचा वेगळा अर्थ लावतात त्यांच्यासाठी ही बारीकसारीक चूक नाही: 'हे सरळ आले आहे' असे ते म्हणतात आणि समोरची व्यक्ती उलटे चित्र पाहत असते. क्लायंट बहुधा भिडेपोटी काही बोलत नाही, पण त्याचा विश्वास तिथेच डळमळतो. यात भर पडते ती आरशातल्या प्रतिमेची. समोरच्या कॅमेऱ्यात आपले स्वतःचे चित्र डावे-उजवे बदलून दिसते, अक्षरे उलटी वाटतात, आणि रीडर घाईने कार्ड फिरवू लागतो. पलीकडे मात्र चित्र बरोबरच जात असते. त्यामुळे आपल्या पडद्यावरच्या प्रतिमेवर विसंबू नये. कॉल सुरू होताच खाली नाव छापलेले एक मेजर कार्ड टेबलावर ठेवावे आणि क्लायंटला ते नाव वाचायला सांगावे. त्याने सहज वाचले तर दिशा, आकार आणि स्पष्टता तिन्ही एका प्रश्नात तपासून होतात.

प्रकाशाचे काम याला लागूनच येते. लॅमिनेशनची चकाकी असलेल्या कार्डावर डोक्यावरचा दिवा पडला की तो वरच्या कॅमेऱ्यात पांढरा डाग होऊन परततो. दिवा बाजूला, तिरपा ठेवावा. एकाऐवजी दोन्ही बाजूंना दोन असतील तर हाताची सावलीही पडत नाही. काळे मखमली कापड डोळ्याला छान वाटते, पण अंधारा पसारा पाहून कॅमेरा उजेड वाढवतो आणि कार्डे फिकट पडतात. पांढऱ्या चादरीवर उलट होऊन ती काळवंडतात. राखाडी किंवा मातकट रंगाचे, न चमकणारे कापड दोन्ही टाळते. हात चौकटीत आला की फोकस हलतो, तो फोनच्या पडद्यावर कार्डाच्या जागी बोट दाबून धरून बांधून ठेवता येतो; बहुतेक फोनच्या कॅमेऱ्यात ही सोय असते, कॉलच्या अॅपमध्ये मात्र ती मिळेलच असे नाही. न मिळाल्यास हात लवकर चौकटीबाहेर घ्यायची सवय लावावी.

तिसरी गोष्ट स्थिरतेची, आणि इथे स्पष्टता व गती एकमेकांत मिसळतात. व्हिडिओ कॉलमध्ये प्रत्येक क्षणाचे संपूर्ण चित्र पाठवले जात नाही. आधीच्या चित्रात जे बदलले तेवढे मुख्यतः पाठवले जाते. हलणाऱ्या गोष्टीला त्यामुळे फार डेटा लागतो. कार्ड हातात हलत असताना क्लायंटला चौकोनी तुकड्यांचा गोळा दिसतो. ते टेबलावर टेकवले, हात बाहेर घेतला, की दोन-तीन सेकंदांत तपशील भरत येतात: आधी आकार, मग चेहरे, शेवटी बारीक रेषा. घाई करणारा रीडर नेमका या भरत्या सेकंदांत बोलायला लागतो. क्लायंटने चित्र नीट पाहण्याआधीच त्याच्या कानावर अर्थ पडतो, आणि मग तो चित्रात तेच शोधतो. थांबणे ही यातली तांत्रिक गरज आहे, शिवाय ते प्रामाणिकपणाचेही आहे. आवाजाचेही काहीसे असेच. समोरासमोरच्या गप्पांत एकाचे संपले की दुसरा सेकंदाच्या पाचव्या हिश्श्याच्या आसपास बोलू लागतो. कॉलवर आवाज पोचायलाच कधी कधी तेवढा किंवा त्याहून जास्त वेळ लागतो. आपल्याला शांतता वाटते तेव्हा पलीकडच्याने वाक्य सुरू केलेले असते, आणि दोघे एकदम बोलू लागतात. मराठी बोलण्यात 'हं', 'हो ना', 'बरं' असे हुंकार सतत असतात. अनेक अॅप्स त्या वेळी दुसऱ्याचा आवाज दाबतात आणि वाक्याचा तुकडा गळतो. ऐकत असल्याची खूण मान हलवून द्यावी आणि स्वतःचे बोलणे क्लायंटच्या वाक्यानंतर मनात दोन आकडे मोजून सुरू करावे.

शांततेला मात्र कॉलवर एक धोका आहे. समोर बसलेला माणूस गप्प असला तर तो विचार करतो आहे हे दिसते. पडद्यावर तीच शांतता 'नेट गेले वाटते' अशी वाचली जाते आणि क्लायंट 'हॅलो? हॅलो?' करू लागतो. म्हणून शांतता आधी जाहीर करावी: "आता थोडा वेळ मी काही बोलत नाही, तुम्ही कार्ड बघा." हाताचे एक बोट चौकटीच्या कडेला, कार्डापासून दूर, दिसेल असे ठेवावे आणि अधूनमधून किंचित हलवावे. कॉल चालू असल्याचे तेवढ्याने कळते आणि कार्डाच्या चित्राला धक्का लागत नाही.

हे सगळे एका रीडिंगमध्ये कसे बसते ते पाहू. समजा, रीडर पुण्यात आहे आणि क्लायंट न्यू जर्सीत राहणारी मराठी बाई. रात्री साडेआठची वेळ ठरते, तेव्हा तिच्याकडे उन्हाळ्यात सकाळचे अकरा आणि हिवाळ्यात दहा. मार्च आणि नोव्हेंबरात तिकडची घड्याळे बदलतात, आपली बदलत नाहीत. निरोपात दोन्हीकडची वेळ लिहिली की चुकामूक टळते. कॉलमध्ये रीडरच्या चेहऱ्यासाठी लॅपटॉप आहे आणि टेबलासाठी फोन वेगळा सामील झाला आहे. फोनचा माइक आणि स्पीकर दोन्ही बंद, नाहीतर आवाज घुमतो. तिला टेबलाचे चित्र पिन करायला सांगितले आहे, कारण तसे न केल्यास जो बोलेल त्याचा चेहरा पडद्यावर मोठा होतो आणि कार्ड नेमके बोलताना लहान होते. तिने नाव वाचून दाखवले. दिशा बरोबर आहे. एवढ्याला पाच मिनिटे जातात आणि ती द्यावीत.

तिचा प्रश्न असा: आई नाशिकला एकटी असते, मी परत यावे का? 'यावे का'चे उत्तर कार्डावर सोपवण्याऐवजी रीडर प्रश्न थोडा वळवते: परत येण्याचा विचार करताना माझ्या नजरेतून काय सुटते आहे? तिच्या संमतीने तीन जागा ठरतात: मागे काय राहील, आत्ता काय सांभाळते आहे, पुढचे पाऊल कोणते. डेक कॅमेऱ्याखाली पिसला जातो. "थांबा" तिने म्हणायचे आहे. तिचा शब्द थोडा उशिरा पोचणार हे दोघींनी आधीच मान्य केले आहे: शब्द इकडे ऐकू येईल तेव्हा वर असलेले कार्ड तिचे.

पहिले कार्ड आठ कप्स. टेकवले, हात बाहेर, नाव एकदा मोठ्याने, आणि मग जाहीर केलेली शांतता. "ताई, तुम्हाला काय दिसतंय?" ती म्हणते, "माणूस पाठ फिरवून चाललाय. पण पेले सांडलेले नाहीत, नीट रचलेत. वरच्या ओळीत एकाची जागा रिकामी आहे." ती फट ९ मिलिमीटरच्या कार्डात कधीच दिसली नसती. दुसरे कार्ड दोन पेंटॅकल्स: दोन नाणी झेलत नाचणारा तरुण, मागे लाटांवर वरखाली होणारी जहाजे. रीडर खर्चाच्या ओढाताणीबद्दल बोलणार इतक्यात मनातले दोन आकडे पुरे व्हायचे असतात म्हणून ती थांबते, आणि क्लायंट म्हणते, "हा झेलण्यात इतका गुंतलाय की मागच्या जहाजांकडे बघतच नाही." तिच्या मनात आईचे रोजचे फोन आहेत, जे ती काम करता करता घेते.

तिसरे कार्ड सहा सोर्ड्स. नावेत पाठमोरी, अंग झाकून बसलेली एक व्यक्ती आणि एक मूल. मागे उभा राहून काठीने नाव ढकलणारा नावाडी. पुढ्यात उभ्या सहा तलवारी. एका बाजूचे पाणी खळबळलेले, दुसऱ्या बाजूचे शांत. पुस्तकी अर्थ सांगायचा तर क्लायंट म्हणजे ती बसलेली बाई, कठीण काळातून निघालेली. रीडरच्या ओठावर तेच आहे. पण क्लायंट बराच वेळ पाहून म्हणते, "बसलेली आई आहे. नाव मी ढकलतेय. आणि तिला कुठे जायचंय ते मी विचारलंच नाही." पाच-सहा महिने ती परतण्याचे हिशेब मांडत होती, मात्र नाशिकचे घर सोडून लेकीकडे येणे, किंवा लेक आल्यावर तिच्यासोबत राहणे, यातले आईला काय हवे, हा प्रश्न तिने आईपुढे ठेवलाच नव्हता. रीडरने आपला अर्थ आधी सांगितला असता तर तो तिला पटलाही असता. फोररच्या विद्यार्थ्यांना पटला, तसाच. त्यापेक्षा खरे उत्तर तिच्या नजरेतून आले, कारण कार्ड तिला दिसत होते आणि पाहायला तिला वेळ होता. बैठकीच्या शेवटी रीडर तीन कार्डांचा वरून काढलेला फोटो पाठवते, म्हणजे क्लायंटला पुढे आठवणीवर विसंबावे लागत नाही.

या पद्धतीच्या मर्यादाही इथेच सांगणे भाग आहे. नेट खालावले तर आधी चित्र सोडावे, आवाज राखावा, आणि कार्डाचा फोटो पाठवून बोलणे पुढे न्यावे. टेबलावरची कार्डे तोवर हलवू नयेत. चित्र 'डेथ' किंवा 'टॉवर'वर गोठले तर पलीकडचा माणूस त्या चित्रासमोर एकटाच अडकतो. कॉल तुटल्यास पहिला फोन रीडर करणार, हे म्हणूनच सुरुवातीला ठरवून घ्यावे. समोर बसलेला क्लायंट रडू लागला तर पाण्याचा पेला पुढे करता येतो. दूर तसे काही करता येत नाही, आणि घरात त्याच्यासोबत कोण आहे हे माहीत नसेल तर रीडर अगदीच हतबल असते. तीव्र निराशेत किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारात असलेल्या माणसाला रीडिंग देऊ नये. भारतात असलेल्याला टेलिमानसचा १४४१६ हा क्रमांक द्यावा आणि तो लावेपर्यंत बोलत राहावे. आजाराचे निदान, गुंतवणूक, कोर्टाचा निकाल हे प्रश्न टेबलावरही घेऊ नयेत. कॉलवर तर समोरच्याची परिस्थिती अर्धीच दिसते, म्हणून अजिबात नाही. कॉल रेकॉर्ड करायचा असेल तर दोघांच्या संमतीनेच.

पुस्तकाचा आवाका ठरवताना मी दोन गोष्टी जाणूनबुजून बाहेर ठेवल्या. ७८ कार्डांचे अर्थ इथे नाहीत. त्यासाठी चांगली पुस्तके आहेत आणि वाचकाला निदान एक डेक हाताळण्याची सवय आहे असे मी धरले आहे. विशिष्ट कंपनीच्या उपकरणांची यादीही नाही, कारण ती वर्षभरात जुनी होते. एक जुना फोन, एक दांडीचा स्टँड, दोन दिवे आणि राखाडी कापड एवढ्यावर सगळे करता येते. पुस्तक टेबलापासून सुरू होते, कॅमेरा आणि उजेड यांतून आवाजाकडे आणि तिथून संभाषणाकडे जाते. शेवटचा भाग नकार कधी द्यायचा याबद्दल आहे. वेगवेगळ्या पद्धतींच्या रीडरना आपापल्या मांडणीचा हिशेब करता यावा म्हणून मापे शक्य तिथे आकड्यांत दिली आहेत.

पहिल्यांदा वाचताना पुस्तक बाजूला ठेवून एक प्रयोग करावा, असे माझे सांगणे आहे. घरातल्या कोणाला तरी दुसऱ्या खोलीत फोन घेऊन बसवा, तीन कार्डे दाखवा आणि स्वतः एकही अर्थ न सांगता त्यांनी काय पाहिले ते लिहून घ्या. मग त्यांना तुमच्या टेबलाजवळ बोलावून तीच कार्डे दाखवा आणि पुन्हा लिहून घ्या. पहिल्या यादीत जे नाही आणि दुसरीत आहे, तेवढे तुमच्या कॅमेऱ्याने, उजेडाने किंवा घाईने खाल्ले. पुढच्या प्रकरणांत ती यादी जवळ ठेवा आणि जे आधी खुपते तिथून वाचायला सुरुवात करा.